खवट कॉफी आणि धोब्याचा सोडा

कॉफीशी माझी ओळख तशी उशिराची. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात कॉफी म्हणजे लग्नघरी रात्री जागणाऱ्यांना मिळायची ती, भरपूर दुधाची आणि जायफळ उगाळून घातलेली. फौजेत आलो तर तिथं लंगरचा चहा. सिग्नलमध्ये एकवीस वर्षं झाली, नायब सुभेदारचा सुभेदार झालो, तरी कॉफी म्हणजे बाटलीतली पावडर गरम दुधात टाकायची एवढंच ज्ञान होतं. मग लडाखमध्ये पोस्टिंग आली आणि ऑफिसर्स मेसची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली.

जागेचं नाव लिहीत नाही, जुनी सवय आहे. लेहपासून बरीच वर, साधारण चौदा हजार फुटांवर. तिथं पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. डाळ कुकरशिवाय शिजत नाही आणि हिवाळ्यात पाण्याचा नळ ही गोष्ट विसरायची असते. पाणी यायचं ते जेरीकॅनमधून. कधी अर्धं गोठलेलं असायचं, ते बुखारीजवळ ठेवून वितळवायचं. म्हणजे एक मग पाणी सांडलं की पाणी गेलं आणि केरोसीनही गेलं. मेस सांभाळलेल्या मंडळींना यातलं काही नवीन नाही. पण पुढचं समजायला हे डोक्यात ठेवा, कारण माझी चूक इथूनच सुरू झाली.

आमचे मेजर साहेब कोडगूचे. फील्ड मार्शल करिअप्पांचा आणि जनरल थिमय्यांचा तो मुलूख. तिथल्या माणसाला फौज आणि कॉफी या दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. साहेब सुट्टीवरून आले ते दोन डबे कॉफी घेऊन. घरच्या मळ्यातली, ताजी भाजलेली, चिकोरी न मिसळलेली, रव्यासारखी जाडसर दळलेली. सोबत दोन प्लंजर पॉट, एक काचेचा आणि एक स्टीलचा. ज्यांनी हे भांडं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. उंच तांब्यासारखं भांडं, झाकणातून खाली जाणारी दांडी, दांडीच्या टोकाला बारीक जाळी. भांड्यात पावडर आणि गरम पाणी घालायचं, चार मिनिटं थांबायचं आणि दांडी हळूहळू खाली दाबायची. चोथा खाली राहतो, कॉफी वर.

पहिल्या दिवशी साहेबांनी मलाही अर्धा मग दिला. वासच असा होता की जायफळाची आठवण निघून गेली.

काचेचा पॉट आठवडाभरही टिकला नाही. पहाटे उणे वीसच्या थंडीत रात्रभर पडलेल्या काचेत मी स्वतः उकळतं पाणी ओतलं आणि ती बुडापासून गळ्यापर्यंत तडकली. साहेब काही बोलले नाहीत, पण मला लागलं. त्याच दिवशी मी मेस वेटरला हुकूम दिला. झारखंडचा पोरगा होता, नोकरीला तीन वर्षं झालेली. म्हटलं, “ये स्टील वाला पॉट साहब का है। खोलना मत, घिसना मत। ठंडे पानी से खंगाल के रख देना।” पाणी वाचेल, केरोसीन वाचेल आणि पॉटही वाचेल, असा माझा हिशोब.

महिनाभरात साहेबांनी मग बाजूला ठेवला. “साब, कॉफी में कुछ गड़बड़ है। बासी लग रही है।” मी चाखून पाहिली. हिंदीत बासी म्हणतात ते ठीक, पण आपल्याकडे याला नेमका शब्द आहे. खवट. पावसाळ्यात डब्याच्या तळाशी राहिलेलं खोबरं लागतं तशी. जिभेच्या मागच्या बाजूला चिकटून राहणारी, घोट गिळल्यावरही न जाणारी चव.

माझा संशय सरळ पोरावर गेला. डब्याचं झाकण उघडं ठेवलं असणार. तो म्हणाला, “नहीं साहब, हर बार बंद करता हूँ।” मी ऐकलं नाही. चार जणांसमोर झाडला, मेसमधून काढलं आणि जेरीकॅन वाहायच्या कामाला लावला. त्या उंचीवर वीस लिटरचा कॅन घेऊन चढ चढणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको.

मग दुसरा डबा फोडला. सीलबंद. कॉफी केली, तर पहिल्याच दिवशी तीच चव. इथं माझी ट्यूब पेटायला हवी होती. पेटली नाही. मला वाटलं, दोन्ही डबे एकाच वेळचे, दोन्ही खराब झाले. त्या थंडीत, हवाबंद डब्यात महिन्याभरात कॉफी खवट होत नाही, एवढा विचारही डोक्यात आला नाही. शिक्षा देऊन झाली होती ना, आता तपास कशाला?

आमचा एक हवालदार रेडिओ मेकॅनिक होता, तमिळनाडूतल्या सेलमचा. कोर्सवरून परत आला आणि संध्याकाळी मेसच्या किचनमध्ये हात शेकायला उभा राहिला. मी त्याच्यापुढं रडगाणं लावलं. त्याने पावडरचा डबा उघडून वास घेतला आणि मान डोलावली. मग धुऊन उपडा ठेवलेला पॉट उचलला, नाक आत घातलं आणि म्हणाला, “साब, पाउडर एकदम ठीक है। ये खाली बर्तन सूंघो।”

मी वास घेतला. जुन्या तेलाच्या बुधलीचा वास होता.

एवढ्यावर तो थांबला नाही. मेकॅनिक माणूस, दोष कुठं आहे ते सिद्ध केल्याशिवाय हात लावणार नाही. त्याने दोन गोष्टी केल्या आणि त्या मी अजूनही करतो. पहिली, रिकाम्या पॉटमध्ये नुसतं उकळतं पाणी घातलं, जाळीसकट झाकण लावलं, दांडी खाली सोडली आणि पाच मिनिटं थांबला. मग ते पाणी पेल्यात ओतून मला दिलं. कॉफीचा कणही नव्हता, तरी पाण्याला फिकट पिवळी झाक होती, वर बारीक तवंग होता आणि चव तीच, खवट. दुसरी गोष्ट, स्टीलचा एक पेला साबणाने धुऊन त्यात डब्यातली एक चमचा पावडर आणि गरम पाणी घातलं. चार मिनिटांनी चोथा खाली बसला तेव्हा वरची कॉफी प्यायला दिली. पहिल्या दिवशीसारखी होती. पावडर तीच, पाणी तेच, उंची तीच. फरक फक्त भांड्याचा.

मग त्याने पॉटची दांडी डाव्या हातात धरली, खालची चकती उजव्या हातात धरून उलटी फिरवली आणि सगळं मोकळं झालं. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की ते खोलता येतं. सर्वात खाली मोठ्या भोकांची चकती, तिच्यावर बारीक स्टीलची जाळी आणि जाळीवर कडेला स्प्रिंग गुंडाळलेली तबकडी. हे तीन तुकडे एकमेकांवर घट्ट बसतात आणि त्यांच्या फटीत काय होतं म्हणता? जुन्या सायकलच्या चेनवर असतं तसं काळपट तपकिरी वंगण. बोटाने ओढलं तर लोण्यासारखं निघालं. त्यात महिन्याभरापूर्वीचा चोथाही होता.

रायफल आपण रोज खोलतो. खोलना-जोडना डोळे बांधूनही येतं. बॅरल आतून चकचकीत दिसली तरी फोर बाय टूची चिंधी फिरवून पाहिल्याशिवाय कुणी पास करत नाही. आणि या भांड्याला मीच हुकूम दिला होता, खोलना मत.

आता हे वंगण येतं कुठून, ते सांगतो. कॉफीच्या बीमध्ये तेल असतं. अरेबिका बीच्या वजनात साधारण पंधरा टक्के, रोबस्टात दहाच्या आसपास. भाजल्यावर ते सुटं होतं आणि गरम पाण्याबरोबर मगात उतरतं. कागदाच्या फिल्टरमधून कॉफी गाळली तर बरंचसं तेल कागदातच अडकतं आणि कागद फेकला जातो. प्लंजरची जाळी चोथा अडवते, तेल अडवत नाही. म्हणून तर ती कॉफी जिभेला भरदार लागते. पण तेच तेल भांड्याच्या भिंतीला आणि जाळीच्या तारेतारेला पातळ थर देऊन बसतं. पातळ थरातल्या तेलाला हवा चारी बाजूंनी लागते आणि ते खवटतं. बुधलीत भरलेलं तेल महिनोन्महिने टिकतं, पण बुधलीच्या बाहेर ओघळलेलं तेल आठ दिवसांत चिकट होतं आणि वास मारतं, हे प्रत्येक घरात दिसतं. इथंही तेच. दुसऱ्या दिवशी गरम पाणी ओतलं की तो खवट थर सुटतो आणि ताज्या कॉफीत मिसळतो. शिवाय त्याच्यावर नवीन थर बसतो.

लंगरमध्ये इतकी वर्षं कॉफी पिऊनही हे मला कधी जाणवलं नाही, त्याचं कारणही हवालदारानेच सांगितलं. बाटलीतल्या झटपट कॉफीत तेल जवळजवळ नसतंच. तिथं मग नुसता विसळला तरी चालून जातं.

गार पाणी तर इथं निरुपयोगी. थंडीत हे तेल घट्ट होतं आणि पाणी त्याच्यावरून नुसतं घरंगळतं. पोरगा रोज इमानदारीने विसळत होता आणि रोज थर जाड होत होता.

आमच्या मेसचा जुना कूक एवढं ऐकूनही बधला नाही. त्याचं म्हणणं, भांडं मुरू द्यायचं असतं, लोखंडी तव्यासारखं, साबण लावला की चव जाते. हे मत पुढेही बऱ्याच ठिकाणी ऐकलं, म्हणून त्याचं उत्तर लिहितो. तव्याला तेल लावून आपण तो धूर निघेपर्यंत तापवतो. त्या उष्णतेत तेलाचं रूपच बदलतं, ते कडक होऊन लोखंडाला धरून बसतं आणि मग खवटत नाही. कॉफीचं तेल शंभर अंशांच्या वर कधी जातच नाही. ते मुरत नाही, फक्त साचतं.

साफ करायचं कसं, यात मी आधी एक दिवस वाया घालवला. लिंबू चोळलं, मग व्हिनेगर ओतलं. काही झालं नाही. आंबट पदार्थ पाण्याचा पांढरा क्षार काढतात, तेलाला ते काही करत नाहीत. राखेने घासायचं डोक्यात आलं होतं, पण हवालदार ओरडला. राखेने स्टीलवर बारीक चरे पडतात आणि पुढचं तेल त्या चऱ्यांत जाऊन बसतं. तेलाला लागतो क्षार. आणि तो आमच्या युनिटच्या धोब्याकडे पोतंभर होता. धुण्याचा सोडा. खाण्याचा सोडाही चालतो, पण त्याचा जोर फार कमी, जुना थर त्याला निघत नाही.

पाणी जपायचं होतं म्हणून आम्ही पॉटलाच बादली केलं. पॉट एक लिटरचा. पाणी उकळलं, त्यात धुण्याचा सोडा एक मोठा चमचा, सपाट भरून. चकती, जाळी, तबकडी आणि दांडी, सगळं सुटं करून त्या पाण्यात सोडलं. झाकणाची आतली बाजूही बुडेल असं बघितलं, कारण झाकणात दांडी जाते त्या भोकाच्या कडेला बराच थर असतो. अर्धा तास ठेवलं. पाच मिनिटांत पाणी चहासारखं झालं आणि अर्ध्या तासाने जवळजवळ काळं. मग दाढीच्या ब्रशएवढ्या मऊ जुन्या टूथब्रशने जाळीवर हलके हात फिरवले. जाळीवर जोर करू नये, तिच्या कडेच्या तारा सुटतात. तारा सुटल्या की चोथा मगात येतो आणि बोटालाही टोचतात.

ते काळं पाणी फेकलं नाही. तेच पाणी मेसच्या मगांना वापरलं आणि शेवटी किचनच्या तेलकट फडक्यांना. पॉटला मात्र जुना थर असल्यामुळे सोड्याचा दुसरा हात द्यावा लागला. या वेळी पाणी फिकट निघालं, म्हणजे काम झालं. मग अर्ध्या अर्ध्या लिटर गरम पाण्यात दोनदा खळखळून घेतलं. सगळं मिळून तीन लिटर पाणी गेलं. ज्या तीन लिटरसाठी मी गार पाण्याचा हुकूम काढला होता, त्याच्या कितीतरी पट पाणी मी फेकून दिलेल्या कॉफीतच गेलं असेल.

सोडा पूर्ण निघाला की नाही ते बोटाला कळतं. स्टीलवर बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर अजून धुवायला हवं. स्वच्छ स्टीलवर बोट कुरकुरतं. आणि थर उरला आहे का ते पाण्याला विचारायचं. भांडं ओलं करून तिरपं धरा. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर भांडं साफ. थेंब थेंब होऊन अडकलं तर तिथं अजून तेल आहे. आमच्यासारख्याला आणखी खात्री हवी असेल तर पांढरी चिंधी दाबून फिरवावी. फोर बाय टू असेल तर उत्तमच.

सोड्याबद्दल दोन गोष्टी सांभाळायच्या. थंडीने हात फुटलेले असतील तर हातमोजे घाला, नाहीतर भेगांमध्ये अशी आग होते की विचारू नका. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला सोडा कधीच नको. ते काळं पडतं आणि खातं. त्याला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, एवढंच. शहरात हल्ली कपड्यांच्या डागांसाठी ऑक्सिजन ब्लीचची पूड मिळते, तीही गरम पाण्यात याच कामाला फार चांगली, डागसुद्धा काढते. फक्त ती घातल्यावर थर्मासचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. साध्या क्लोरीनच्या ब्लीचने मात्र स्टीलवर खड्डे पडतात, ते वापरू नये.

त्या दिवसापासून नियम केला. प्रत्येक वेळी चोथा चमच्याने काढून डब्यात टाकायचा, मोरीत नाही, नाहीतर थंडीत पाईप तुंबला तर उन्हाळ्यापर्यंत वाट बघा. रात्री पॉट खोलायचा, थेंबभर साबण आणि कोमट पाण्याने धुवायचा आणि खोललेलाच वाळत ठेवायचा. रविवारी सोडा. वाळवायची जागा बुखारीपासून लांब, कारण तेलाचा अंश राहिला असेल तर तो केरोसीनचा वास ओढून घेतो, आणि केरोसीनची कॉफी मी पिऊन बघितली आहे. सकाळी जोडताना क्रम तोच, तबकडी, जाळी, चकती, आणि फिरकी घट्ट. सैल राहिली तर पहिल्याच मगात चोथा सांगतो.

मगांचं प्रकरण थोडं वेगळं निघालं. चिनी मातीच्या मगात आत तपकिरी कडं दिसतं, त्याला लोक घाबरतात. ते बहुतेक रंगाचं असतं, दिसायला वाईट, चवीला फारसा त्रास नाही. खरी घाण जिथं दिसत नाही तिथं असते. तामचिनीच्या मगाचा टवका उडालेल्या जागी, प्लास्टिकच्या मगाच्या चऱ्यांत आणि सगळ्यात जास्त थर्मासच्या झाकणातल्या रबरी कड्याखाली. ते कडं चमच्याच्या मागच्या टोकाने उचलून बाहेर काढता येतं. आमच्या ड्युटी ऑफिसरच्या थर्मासमधलं मी काढलं तेव्हा खाली काय होतं ते जेवणाआधी वाचायचं नाही. कडं सोड्यात भिजवलं, वास निम्मा गेला. उरलेला गेलाच नाही, रबरात शिरलेला वास पूर्ण निघत नाही. शेवटी लेहहून नवीन कडं मागवलं.

हवालदाराच्या ट्रंकेत स्वतःचा दाक्षिणात्य फिल्टर होता, वरच्या भांड्याला बारीक भोकं असलेला स्टीलचा. त्यातही तेच होतं, पण त्याची खूण वेगळी. भोकं तेलाने आणि बारीक पावडरीने बुजतात आणि डिकॉक्शन उतरायला वेळ लागू लागतो. पंधरावीस मिनिटांत उतरणारं तासभर टपकत बसलं की समजायचं. तो आधी सोड्यात उकळायचा आणि तरीही भोकं बुजलेली राहिली तर वरचं भांडं चिमट्यात धरून स्टोव्हच्या ज्योतीवर तापवायचा. आतलं जळून राख होतं, ब्रश मारला की भोकं मोकळी. स्टीलवर निळसर डाग पडतो, त्याने काही बिघडत नाही. हीच युक्ती मी पुढं एका जोडीदाराने कुंभकोणमहून आणलेल्या पितळी फिल्टरवर केली आणि तोंडघशी पडलो. आत कल्हई होती. कथील २३२ अंशांनाच वितळतं. ज्योतीवर धरल्या धरल्या कल्हई पाझरली आणि निम्मी भोकं कायमची बंद झाली. पितळी फिल्टरला फक्त गरम पाणी, साबण आणि सुईचं टोक.

आता पोराचं. त्या रात्री मला झोप लागली नाही. चौदा हजार फुटांवर तशीही कमी लागते, पण ती वेगळी. सकाळी फॉलइनला, ज्या चार जणांसमोर त्याला झाडला होता ते सगळे असताना, मी त्याला पुढं बोलावलं. फौजेत सुभेदाराने शिपायाला माफी मागायची रीत नाही, आणि कशी मागायची ते मला येतही नव्हतं. मी म्हटलं, “पॉट खोलने से मैंने मना किया था। गलती मेरी थी। तू आज से वापस मेस में।” तो सावधानमध्ये उभा राहिला. “जी साहब” म्हणाला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. जेरीकॅनच्या कडीने त्याच्या उजव्या तळहाताला पडलेली भेग मात्र मला दिसली, आणि म्हणून पहिल्या रविवारी सोड्यात हात मी घातला, त्याला घालू दिला नाही.

मेजर साहेबांना मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, त्यांच्या घरी आजी रोज रात्री फिल्टर धुऊन उन्हाच्या खिडकीत उघडा ठेवायची, आणि हे सांगायला हवं असं त्यांना कधी वाटलंच नाही.

आता मी रिटायर होऊन घरी आहे. आमच्या हिला कॉफीचं काही नाही, तिचा चहा बरा. पण सोड्याची पुडी माझ्या खणात वेगळी असते, आणि पॉटला दिवसातून एकदाच काम असल्याने सोडा पंधरा दिवसांनी.

मागच्या वर्षी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. तोच पोरगा. नायक झालाय, आता ईशान्येकडं कुठंतरी मेसची जबाबदारी त्याच्याकडे आहे. इकडचं तिकडचं न बोलता सरळ विचारलं, “साहब, यहाँ चालीस कप वाला बड़ा बर्तन है, कॉफी का। कड़वा-सा बास आ रहा है। सोडा कितना डालूँ?” मी विचारलं, बर्तन किस चीज़ का है? म्हणाला, चमकता है, हल्का है. मी म्हटलं, हल्का है तो पहले किसी कोने में सोडे की एक बूँद डाल के देख, काला पड़ा तो एल्युमिनियम है, सोडा बिल्कुल नहीं, गरम पानी, साबुन और ब्रश. स्टील निकला तो लीटर पे एक चम्मच. आणि नळ असेल तर तो आधी खोलून बघ, सगळं तिथंच बसलेलं असेल.

“खोल दिया साहब,” तो म्हणाला, “नल तो कल ही खोल दिया।”